कॉलेजच्या अंकासाठी गेम बनवणाऱ्याची मुलाखत घ्यायचीय, प्रश्न बघा जरा

यावलची_पोर
नमस्कार मंडळी. मी एसवायला आहे, आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या समितीत आहे आणि यावेळी मुलाखतीचं पान माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी कोणी ना कोणी अधिकारी नाहीतर प्रगतिशील शेतकरी असतो, म्हणून मी म्हटलं यंदा वेगळं करू. आमच्याच तालुक्यात एक दादा आहेत जे एकट्याने कॉम्प्युटर गेम बनवतात, कंपनी वगैरे काही नाही, घरी बसून. त्यांचा गेम केळीवर आहे! रेल्वेच्या वॅगनमध्ये केळीचे घड भरायचे, कोडं टाइप. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात विकायला आहे. नाव इथं टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. मुलाखतीला मात्र ते हो म्हणालेत, पुढच्या रविवारी भेटायचंय. अंकात चार पानं मिळतील, त्यात फोटो पण.

मी काढलेले प्रश्न असे: गेम बनवायची प्रेरणा कुठून मिळाली? किती वेळ लागला? काय अडचणी आल्या? घरच्यांचा पाठिंबा होता का? गेमिंगचं भविष्य काय? तरुणांना काय संदेश द्याल?

अजून काय विचारू? मला स्वतःला गेममधलं फार कळत नाही, हे आधीच सांगते.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
पहिला प्रश्न विचार, जीटीए सारखा गेम का नाही बनवत 😂 भुसावळ जंक्शनवर रिक्षा चोरायची.

कोडर_चाळीसगाव
मी पण मागच्या महिन्यात गेम कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो. सी शार्प विचारतात, ऑब्जेक्ट पूलिंग विचारतात आणि एखादा छोटा गेम करून आणायला सांगतात. पोर्टफोलिओ तयार ठेव. पगाराचं शेवटी बोल.

यावलची_पोर
@कोडर_चाळीसगाव दादा मला नोकरी नकोय, मला मुलाखत घ्यायचीय 🙏

कोडर_चाळीसगाव
अरे हो. शीर्षक अर्धंच वाचलं. असो, मग त्यांना विचार कोणाला कामावर घेणार आहेत का.

रात्रपाळी
मूळचा अमळनेरचा, सध्या पुण्यात. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे मोबाइल गेम करतो आणि रात्री स्वतःचे दोन-तीन छोटे गेम करून झालेत, फार कोणी खेळले नाहीत तो भाग वेगळा.

ताई, तुमचे सहाही प्रश्न कुठल्याही माणसाला विचारता येतील. पोल्ट्रीवाल्याला विचारा, यूपीएससी पास झालेल्याला विचारा, तीच उत्तरं येतील: लहानपणापासून आवड होती, अडचणी खूप आल्या, घरच्यांनी साथ दिली, मेहनत करा. चार पानं भरतील पण त्या माणसाने नेमकं काय केलं ते कोणाला कळणार नाही. आधी एक सांगा, तुम्ही गेम खेळलात का?

यावलची_पोर
मैत्रिणीच्या भावाच्या लॅपटॉपवर दहा-पंधरा मिनिटं बघितला. खेळले नाही नीट.

रात्रपाळी
मग आधी तो खेळा. शक्य तर दोघीतिघी मिळून खेळा, एक खेळेल आणि बाकीच्या गप्प बसून बघतील. कुठे अडकलात, कुठे चिडलात, कुठे हसलात ते वहीत लिहा. प्रश्न त्या वहीतून निघतील. गेम डिझायनरचं काम म्हणजे रोज शेकडो बारीक निर्णय: हे बटण ठेवू की नको, दुसरी लेव्हल इतकी सोपी का, हरल्यावर परत पहिल्यापासून की मधून. हे निर्णय स्क्रीनवर दिसतात, त्यांच्यामागचं कारण दिसत नाही. कारण विचारायला तुम्ही जाताय.

सरोज_मॅडम
मी अठरा-एकोणीस वर्षं कॉलेजचा अंक बघत होते, आता निवृत्त. रात्रपाळी यांचं बरोबर आहे पण प्रेरणेचा प्रश्न अगदीच टाकून देऊ नये. सुरुवातीला माणूस अवघडलेला असतो, त्याला एक सोपा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर त्याने दहा वेळा दिलंय. त्याने घसा मोकळा होतो. छापताना तो भाग दोन ओळीत आटपायचा.

दुसरं, चार पानं म्हणजे फोटो आणि मथळा सोडून दीड हजार शब्द धरा. पाऊण तास बोललात तर चार-पाच हजार शब्द होतात. म्हणजे तीन भागातले दोन भाग कापायचे आहेत. तीस प्रश्न घेऊन जाऊ नका, आठ न्या.

निंबा_तात्या
केळी वॅगनमधी भरतात ते आमी लई पाह्यलंय. सावद्याला नि रावेरला स्टेशनवर रात्रभर भरणं चालायचं, दिल्लीला माल जायचा. त्या गेममधी पोरगं काय दाखवतं ते सांग बरं.

यावलची_पोर
तात्या, काल रात्री आम्ही तिघी बसलो, आज सगळं सांगते. वॅगन म्हणजे आठ बाय सहा चौकटींचा पट आहे. एकेक घड येतो, वेगवेगळ्या आकाराचा, तो कुठेतरी बसवायचा. काही घड हिरवे, काही थोडे पिवळे. पिवळा घड ठेवला की दर तीन चालींनी त्याच्या शेजारचा हिरवा पिवळा होतो, मग त्याच्या शेजारचा. वॅगन भरून दार लावेपर्यंत ठरावीक घड हिरवे राहिले पाहिजेत. पहिल्या पाच लेव्हल मजेत गेल्या, सहावीला आम्ही ठार अडकलो. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर एकदा ठेवलेला घड उचलता येत नाही! चुकून बोट लागलं तरी तो तिथेच. मागे जायचं बटणच नाही. एक मैत्रीण तर चक्क लॅपटॉप बंद करून जेवायला गेली.

निंबा_तात्या
पोरी तुझ्या त्या दादाला सांग, पिवळा घड वॅगनमधी चढवतच नाहीत. केळी कच्चीच कापतात, हिरवीगार, पाऊण भरली का कापली. पिवळं दिसलं तर व्यापारी हात बी लावत नाही, ते गावातच वाटायचं नाहीतर गुरांपुढं. पिकवायचं काम तिकडं दिल्लीवाल्याचं, त्याच्या पिकवायच्या खोल्या असतात. पण येक गोष्ट त्यानं खरी दाखवली, येक पिकला का शेजारचा पिकतो. घरी बी पाहा, कच्च्या फण्यांमधी येक पिकलेलं केळ ठेवा.

कापूसकोंड्या
ते इथिलीन वायूमुळे होतं तात्या. पिकणारं फळ इथिलीन सोडतं आणि तोच वायू शेजारच्याला पिकवतो. पिकवायच्या खोल्यांमध्ये पण तोच गॅस सोडतात.

निंबा_तात्या
गॅस असो का काय असो, माल सडतो ना आमचा.

रात्रपाळी
ताई, तात्यांनी तुम्हाला फुकटात अख्ख्या मुलाखतीतला सगळ्यात चांगला प्रश्न दिलाय.

बघा काय झालं. एक गोष्ट खरी आहे, पिकलेला घड शेजाऱ्याला पिकवतो, आणि गेमचा सगळा नियम त्यावर उभा आहे. दुसरी गोष्ट खोटी आहे, पिवळा घड मुळात वॅगनमध्ये चढत नाही. हा माणूस केळीच्या पट्ट्यात राहतो, त्याला हे माहीत नसेल असं होणारच नाही. म्हणजे त्याने जाणूनबुजून वास्तव वाकवलंय. का? कारण सगळे घड हिरवे असते तर कोडंच उरलं नसतं, नुसती भरणी झाली असती. तर प्रश्न असा विचारा: "केळी कच्चीच चढवतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी तुम्ही पिवळे घड घातलेत. आधी खरं तसं करून बघितलं होतं का, आणि त्यात काय बिनसलं?" त्यावर तो कमीत कमी दहा मिनिटं बोलेल, तुमच्या अंकाच्या वाचकाला केळी माहीतच आहे म्हणून त्यालाही कळेल, आणि गेम डिझाइन म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

याला जोडून अजून एक विचारता येईल, दर तीन चालींनीच का. दोन ठेवल्या असत्या तर? हा आकडा एका दिवसात येत नाही. दोन ठेवला की खेळणारा श्वास घ्यायच्या आत सगळी वॅगन पिवळी होते, चार ठेवला की पिवळ्याकडे दुर्लक्ष करून पण जिंकता येतं. असं काहीतरी त्याने बघितलं असणार, पण ते त्याच्या तोंडून येऊ द्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
तात्यांना गेम टेस्टर म्हणून घ्या रे कोणीतरी.

कोडर_चाळीसगाव
अनडू बटण नसण्याचं कारण मी सांगतो. अनडू करायला अवघड असतं, प्रत्येक चाल उलटी करायची म्हणजे सगळा कोड उलटा लिहावा लागतो, एकटा माणूस कुठे करत बसणार. त्यामुळे तो प्रश्न विचारून त्याला लाजवू नका.

रात्रपाळी
काही गेममध्ये हे खरं आहे, जिथे गोष्टी सतत हलत असतात, पडतात, आपटतात, तिथे अनडू म्हणजे डोकेदुखी. पण इथे अठ्ठेचाळीस चौकटींचा पट आहे आणि एका वेळी एकच चाल. चाल उलटी करायची गरजच नाही, प्रत्येक चालीआधी अख्ख्या पटाचा फोटो काढल्यासारखी स्थिती साठवायची आणि मागे जायचं असेल तर आधीची परत मांडायची. एका संध्याकाळचं काम आहे. म्हणून मला वाटतं ते बटण त्याने मुद्दाम गाळलंय.

आणि इथेच मजा आहे. कोड्याच्या गेममध्ये अनडू दिलं की माणूस बिनधास्त काहीही करून बघतो, डोकं नंतर लावतो. नाही दिलं की प्रत्येक चालीला थांबतो, घाबरतो. वॅगनमध्ये हमाल घड टाकून गेला की तो परत काढत नाही कोणी, कदाचित त्याला ती भीतीच पाहिजे असेल. किंवा नसेल, कदाचित त्याला कोणी सांगितलंच नसेल की लोक लॅपटॉप बंद करून जेवायला जातात. दोन्हीपैकी काहीही उत्तर आलं तरी छापण्यासारखं. फक्त "अनडू का नाही दिलं" असं वकिलासारखं विचारू नका. जे घडलं ते सांगा: आम्ही तिघी खेळत होतो, सहाव्या लेव्हलला असं असं झालं, एकजण उठून गेली. आणि गप्प बसा.

सरोज_मॅडम
"आणि गप्प बसा" हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव ग. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे. समोरचा विचार करायला थांबला की यांना वाटतं उत्तर संपलं, आणि लगेच पुढचा प्रश्न. खरं उत्तर त्या थांबण्यानंतर येतं.

धुळेकर_अंकुर
पण आता गेमवर तर कायद्याने बंदी आली ना? २०२५ मध्ये संसदेत पास झाला. मग हा माणूस विकतो कसा? हे विचारायला पाहिजे, उगाच कॉलेजवर काही आलं तर.

कापूसकोंड्या
बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, रमी वगैरे, पैसे भरा नि जिंकले तर पैसे घ्या असले. २४९ रुपयाला विकत घेऊन घरी बसून केळी भरायच्या गेमचा त्याच्याशी संबंध नाही.

धुळेकर_अंकुर
बरं. पण लोकांच्या डोक्यात गेम म्हणजे रमीच आहे, आमच्या घरी गेम म्हटलं की आजोबा काठी काढतात. तो "घरच्यांचा पाठिंबा होता का" प्रश्न म्हणून मला चांगला वाटला होता.

यावलची_पोर
@धुळेकर_अंकुर खरंय, त्यांना लोक काय समजतात गावात, ते विचारेन. पाठिंबा होता का याऐवजी "तुम्ही काय काम करता असं गावात कोणी विचारलं तर काय सांगता" असं चालेल का?

रात्रपाळी
एक नंबर. मी स्वतः "कॉम्प्युटरचं काम" म्हणतो आणि विषय बदलतो.

भरीत_पार्टी
पैशाचा प्रश्न कोणीच काढला नाही. अंक वाचणाऱ्या पोरांना तेच पाहिजे, किती सुटतात महिन्याला. सरळ विचार, किती कमावले आजपर्यंत.

सरोज_मॅडम
असं कोणाला विचारतात का भाऊ? शेजाऱ्यालाही आपण विचारत नाही. आणि छापील अंकात आकडा आला की तो दहा वर्षं वाचनालयात राहतो.

भरीत_पार्टी
मॅडम, मग पोरांना काय "मेहनत करा" एवढंच सांगायचं? उद्या कोणीतरी वडिलांना सांगून नोकरी सोडेल या मुलाखतीवरून.

रात्रपाळी
दोघांचंही पटतं. मधला रस्ता असा आहे की एकूण कमाई न विचारता एका प्रतीचा हिशोब विचारायचा. तो गुपित नाही, स्टीमवर गेम विकणाऱ्या कोणालाही तो माहीत असतो.

समजा गेम २४९ ला आहे. आपल्याकडे जी किंमत दिसते तिच्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की साधारण २११ उरतात. त्यातले ३० टक्के स्टीमचे, म्हणजे त्याच्या हातात १४८ च्या आसपास. पुढे बँकेचे चार्जेस, इन्कम टॅक्स वेगळा. गेम स्टीमवर टाकायलाच सुरुवातीला शंभर डॉलर भरावे लागतात, ते गेमने हजार डॉलरचा धंदा केला की परत मिळतात, त्याआधी नाही. आणि उन्हाळी सेलमध्ये निम्म्या किमतीत ठेवला तर हेच गणित अर्ध्यावर.

आता याच्यावरचा खरा प्रश्न रिफंडचा. स्टीमचा नियम आहे की विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर माणूस पैसे परत मागू शकतो, कारण द्यावं लागत नाही. ताई, तुमचा अंदाज काय, हा गेम किती वेळात संपतो?

यावलची_पोर
मैत्रिणीच्या भावाने दोन तासाच्या आत संपवला म्हणे. आम्हाला वर्ष लागेल 😭

रात्रपाळी
म्हणजे हुशार पोरगा पूर्ण गेम संपवून पैसे परत घेऊ शकतो. छोटे गेम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ही तलवार असते. लेव्हल वाढवून गेम ताणायचा की आहे तसा आटोपशीर ठेवायचा? "रिफंडच्या नियमामुळे गेमची लांबी बदलावीशी वाटली का" असं विचारा. यात पैसा येतो, डिझाइन येतं, आणि माणसाला उघडं पडल्यासारखं पण वाटत नाही.

भरीत_पार्टी
ठीक आहे, पण मी तरी शेवटी विचारलंच असतं, यावर घर चालतं का. हो किंवा नाही. आकडा नको.

सरोज_मॅडम
एवढं चालेल. पण रेकॉर्डर बंद केल्यावर नाही हं. काहीजण ती युक्ती करतात, रेकॉर्डिंग बंद करून चहा पिता पिता विचारायचं आणि मग छापायचं. ते करू नको.

तापीमाय
मी स्टीमवर नाही, मोबाइलवर एक शब्दकोडं टाकलं होतं, आपल्या खान्देशी पदार्थांचं. त्याचा अनुभव सांगते कारण आमच्याकडे पोरांकडे लॅपटॉप कुठे आहेत, फोनच आहेत. त्यामुळे पहिला प्रश्न मला हाच पडला की यांनी फोनवर का नाही काढला. प्ले स्टोअरला पंचवीस डॉलर एकदाच भरायचे, स्वस्त वाटतं. पण नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी बंद टेस्टिंग करावं लागतं, पूर्वी वीस माणसं लागायची आता बारा, आणि ती सलग चौदा दिवस सामील राहिली पाहिजेत. मी घरातलीच गोळा केली. मामेभावाने तिसऱ्या दिवशी स्टोरेज फुल म्हणून काढून टाकलं, एका वहिनींनी ईमेल आयडीच चुकीचा दिलेला, परत सगळं पहिल्यापासून. शेवटी खापरावरच्या मांड्यांचं आमिष दाखवून बायका जमवल्या. गेम बनवायला लागला नाही इतका जीव त्या बारा जणांनी काढला.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
मांडे असतील तर मी तेरावा.

यावलची_पोर
@तापीमाय ताई हे भारी आहे. फोनवर का नाही हा प्रश्न घेते, आमच्या कॉलेजातल्या निम्म्या मुलांना तो खेळताच येणार नाही हे पण खरं.

अजून एक गोष्ट दिसली ती सांगते. गेममध्ये सगळं मराठीत आहे, छान दिसतं. पण त्यांचा एक जुना फुकट डेमो itch.io वर आहे, त्याच्या फोटोत अक्षरं विचित्र आहेत. "किलो" मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन ल ला चिकटल्यासारखी दिसते, आणि "ट्रक" मध्ये ट चा पाय मोडलेला नि र वेगळा. हे विचारण्यासारखं आहे का की उगाच चुका काढल्यासारखं होईल?

कोडर_चाळीसगाव
फॉन्ट चुकीचा लावलाय. मंगल लावला असता तर झालं असतं.

रात्रपाळी
फॉन्टने ते सुटत नाही. फॉन्टमध्ये अक्षरं असतात, पण वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कधी करायचं हे ठरवणारं वेगळं यंत्र लागतं, ते गेम इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतात त्यात, असावं लागतं. नसेल तर इंजिन इंग्रजीसारखं एकामागे एक अक्षर ठेवत जातं, म्हणून टाइप केलेल्या क्रमाने वेलांटी क च्या मागून येते. गोडो इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत असंच व्हायचं, २०२३ ला चौथी आली तेव्हा नीट झालं. युनिटी या दुसऱ्या इंजिनात लोक जे नेहमीचं टेक्स्ट वापरतात त्यात ही अडचण आहेच, मग कोणी प्रत्येक शब्दाचं चित्र करून चिकटवतं, कोणी जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरून जुगाड करतं. कुठलं इंजिन वापरलंय त्यांनी?

यावलची_पोर
सुरुवातीला निळा रोबोटसारखा चेहरा येतो.

रात्रपाळी
म्हणजे गोडोच. तर बहुतेक त्यांनी डेमो जुन्या आवृत्तीत केला आणि नंतर नवीनवर हलवला, पण ते त्यांनाच विचारा. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाणं म्हणजे अर्धा गेम परत जुळवणं असतं. फक्त मराठी नीट दिसावं म्हणून केलं असेल तर तो माणूस काय आहे ते तेवढ्यावरून कळेल. दोन्ही फोटो शेजारी शेजारी अंकात छापा, चौथ्या पानाचा प्रश्न मिटला. आणि नाही, चूक काढल्यासारखं नाही होणार. त्याच्या इतक्या जुन्या कामाकडे कोणी बारकाईने बघितलं याचा त्याला आनंदच होईल.

निंबा_तात्या
त्या गेममधी माणसं बोलतात का? कोणती बोली बोलतात?

यावलची_पोर
मुकादम एक-दोन वाक्यं बोलतो तात्या. "काय करी ऱ्हायना भो" असं.

निंबा_तात्या
सावद्याच्या स्टेशनावर अहिराणी? आमच्याकडचा हमाल असं बोलत नाही. लेवा बोलीत बोलंल तो.

रात्रपाळी
आमच्या अमळनेरचा मुकादम तिकडे कामाला गेला असेल तात्या.

धुळेकर_अंकुर
अहिराणीत आहे म्हणजे आमचा गेम झाला 😎

निंबा_तात्या
केळी आमची, गेम तुमचा. वा रे वा.

कापूसकोंड्या
झालं, आता ही चर्चा चार दिवस इथेच. ताई, हा पण प्रश्न घे, पण त्यांना एकट्याला उत्तर देऊ दे, तात्यांना सोबत नेऊ नको.

सरोज_मॅडम
विषयावर येऊ. प्रश्न आधी पाठवायचे का? मी नेहमी विषय पाठवते, प्रश्न नाही. प्रश्न पाठवले की लोक उत्तरं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात.

रात्रपाळी
इथे मी थोडा वेगळा आहे मॅडम. जुन्या गोष्टी आठवायला वेळ लागतो. तीन चाली का, आवृत्ती कधी बदलली, हे विचारल्यावर माणूस "आठवत नाही हो" म्हणून मोकळा होतो. हे दोन-तीन आधी सांगितले तर तो जुन्या वह्या, आधीचे बिल्ड काढून ठेवेल. कदाचित पिवळ्या घडाआधीचा, सगळं हिरवं असलेला गेम अजून त्याच्या हार्डडिस्कवर असेल, तो चालू करून दाखवेल. तसं झालं तर सोनंच.

सरोज_मॅडम
वस्तू काढून ठेवायला सांगा, प्रश्न सांगू नका. "जुनी आवृत्ती, वही, कागद काही असेल तर बघायला आवडेल" एवढं पुरे.

रात्रपाळी
मला अजून पटलं नाही, पण अंक तुम्ही काढलेत, मी नाही.

यावलची_पोर
मी वस्तूंचा मेसेज टाकला आत्ताच. त्यांचं उत्तर आलं, "एक चौकटीची वही आहे, पण तिच्यावर घरातल्या कोणीतरी दुधाचा हिशोब लिहिलाय." 😂

तर आत्ताची यादी अशी. सुरुवात साधी, पहिला गेम कुठे नि कशावर खेळलात. मग गावात काय काम करता असं सांगता. मग केळी कच्चीच चढवतात तरी पिवळे घड का, आणि तीन चाली कशा ठरल्या. मग आमचा सहाव्या लेव्हलचा किस्सा सांगून गप्प बसायचं. मग मराठी अक्षरांचे दोन फोटो समोर ठेवायचे. मग फोनवर का नाही. मग रिफंड आणि लांबी. शेवटी घर चालतं का. मुकादमाची बोली वेळ उरला तर. संदेश काढून टाकला.

भरीत_पार्टी
घर चालतं का हे अगदी शेवटी नको, तिथे नाही असं उत्तर आलं तर मुलाखत पडते. रिफंडच्या लगेच मागे लाव आणि नंतर आता पुढे काय बनवताय ते विचार.

सरोज_मॅडम
बरोबर. आणि सहाव्या लेव्हलचा किस्सा पिवळ्या घडाच्या आधी घे. तो ऐकून त्यांना कळेल की तुम्ही खरंच खेळलात, मग पुढचं सगळं मोकळेपणी बोलतील. दोन फोनवर रेकॉर्ड कर, दोन्ही फ्लाइट मोडवर, पंखा बंद करायला सांग. उन्हाळा आहे, कठीण आहे, पण पंख्याच्या घरघरीत अर्धे शब्द जातात. आणि एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार तास तरी लागतात, ते छपाईच्या तारखेतून आधीच वजा कर. उतरवलेलं झालं की आकडे आणि इंजिनबिंजिनची नावं त्यांना एकदा दाखव, त्यांची मतं बदलायला मात्र देऊ नको.

कोडर_चाळीसगाव
आणि विचार ना खरंच, कामावर कोणाला घेणार का.

निंबा_तात्या
रविवारी जाशील तवा त्याला म्हणावं तात्या सांगत व्हते, सहावी लेव्हल सोपी कर नाहीतर घड मागं घ्यायचं बटण दे. आमच्या नातवानं बी काल रातच्याला घेतला तो गेम, अजून झोपला नाही.

रात्रपाळी
नातवाने किती तास खेळला तात्या? दोनच्या वर गेला असेल तर आता पैसे परत नाहीत.